शुभेच्छा हव्यात, सांत्वन नको

«माझी ताई पुढच्या महिन्यात चाळीस वर्षांची होते. सहा वर्षांपूर्वी तिचा घटस्फोट झाला. तेव्हापासून चौदा वर्षांची भाची चिऊ आणि नऊ वर्षांचा भाचा, दोघांचं सगळं तीच बघते. मागच्या वाढदिवसाला मी घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं: ‘ताई, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! एकटी असूनही आई आणि बाबा या दोन्ही भूमिका तू हसतमुखाने निभावतेस. एवढं सोसूनही कधी तक्रार केली नाहीस. तुझ्या कष्टांना सलाम! देव तुला आता तरी सुखाचे दिवस दाखवो.’ तिने नुसते हात जोडले. नंतर आईपाशी म्हणाली, ‘माझा वाढदिवस होता की शोकसभा?’ मला फार लागलं, कारण मी मनापासून कौतुकच करत होतो. कष्टांबद्दल लिहावं तर कीव वाटते, न लिहावं तर डोळेझाक केल्यासारखं होतं. लिहिण्यासारखं तर पुष्कळ आहे. गेल्या वर्षी तिने नोकरी बदलली, पगार थोडा कमी घेतला, पण आता संध्याकाळी सहाला घरी असते. चिऊची गणिताची शिकवणी बंद करून तिला पोहायला घातलं, तेव्हा आम्ही सगळे विरोधात होतो. आणि ती शब्दकोडी सोडवते, तीही पेनाने. सांगा, काय लिहू?»
— धाकटा भाऊ

प्रिय धाकटे भाऊ,

ताईंचा विनोद बोचरा आहे, पण तो नेमका आहे. शोकसभेत माणसाबद्दल काय बोलतात ते आठवून पाहा. किती सोसलं, चेहऱ्यावर कायम हसू, ओठांवर कधी तक्रार नाही. तुमच्या संदेशात हे तिन्ही आहे. फरक इतकाच की ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्या हयात आहेत आणि त्यांनी तो वाचला.

सगळ्यात जड वाक्य शेवटचं आहे. ‘आता तरी सुखाचे दिवस’ म्हणताना तुम्ही गेल्या सहा वर्षांचा निकाल लावून टाकलात. त्या वर्षांत ताईंनी दोन मुलं वाढवली, नोकरी केली, घर चालवलं, हसल्या असतील, भांडल्या असतील, एखाद्या रविवारी उशिरापर्यंत झोपल्याही असतील. हे सगळं एका फटक्यात वाईट दिवसांच्या खात्यात गेलं. त्यांना स्वतःला ती वर्षं तशी वाटतात का, हे तुम्ही विचारलेलं नाही. घटस्फोटानंतरची वर्षं आधीच्या वर्षांपेक्षा हलकी वाटणारी माणसं पुष्कळ असतात. ती हे चारचौघांत बोलून दाखवत नाहीत, एवढंच.

‘आई आणि बाबा दोन्ही’ हे वाक्य तर शुभेच्छांमध्ये इतकं रुळलंय की लिहिताना हात अडखळतच नाही. पण ते ग्रुपवर होतं. चिऊ चौदा वर्षांची आहे, ती ग्रुपवर असेल किंवा आईच्या फोनवर वाचत असेल. आपल्या घरात काय कमी आहे, हे आईच्या वाढदिवशी मामाने तिला पुन्हा सांगितलं. शिवाय मुलांचे वडील त्यांना भेटत असतील, तर एका ओळीत तुम्ही त्यांनाही पुसून टाकलं. घटस्फोट नवरा-बायकोचा होतो, मुलांचा आणि बापाचा नाही. ताई दोन माणसांची भूमिका वठवत नाहीत. त्या आई आहेत आणि आईचं काम करतात. त्यांच्या घरी ते काम जास्त आहे, हा भाग वेगळा.

‘हसतमुखाने’ आणि ‘तक्रार केली नाहीस’ या दोन्हींवर फार वेळ घालवत नाही. एवढंच सांगतो, की अशा कौतुकात एक अट दडलेली असते. उद्या ताई वैतागल्या, तुमच्यापाशी येऊन रडल्या, तर त्या कौतुकाला उतरल्या नाहीत असं त्यांनाच वाटेल. म्हणजे ज्या भावापाशी मन मोकळं करायचं, त्यानेच दाराला कडी घातली.

आता तुमच्या अडचणीकडे येऊ. कष्टांचं नाव काढलं की कीव येते, असं तुम्हाला वाटतं, कारण कष्ट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे धावपळ येते. डबे, शाळा, ऑफिस, दुखणीखुपणी. ती धावपळ खरी आहे, पण ती दोघांच्या घरातही असते. एकट्या पालकाचं वेगळं काम दिसत नाही, ते डोक्यात चालतं. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये घरकामाच्या या डोक्यातल्या बाजूवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी या कामाचे चार टप्पे वेगळे करून दाखवले: पुढे काय लागणार ते आधीच ओळखणं, त्यासाठीचे पर्याय शोधणं, त्यातून एक ठरवणं आणि ठरवलेलं नीट चाललंय का यावर लक्ष ठेवणं. त्यांनी जोडप्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांना दिसलं की पहिला आणि शेवटचा टप्पा, म्हणजे आधी ओळखणं आणि नंतर लक्ष ठेवणं, बहुतेक करून बायकोकडे असतो. ठरवणं मात्र दोघं मिळून करतात.

ताईंच्या घरी नेमकी ही तिसरी पायरी वेगळी आहे. चिऊच्या पोहण्याचंच घ्या. शिकवणी तिला झेपत नाही किंवा नकोशी झालीय, हे आधी कुणाच्या तरी लक्षात यावं लागलं. मग पर्याय आले: शिकवणी बदलायची, वेळ बदलायची, बंद करायची, बंद केली तर त्या वेळेचं काय करायचं. मग ठरवायचं. आणि ठरवल्यावर कित्येक महिने गणिताच्या प्रत्येक पेपरकडे धाकधुकीने पाहायचं. दोघं असती तर रात्री दिवा मालवताना एकाने विचारलं असतं, ‘आपण बरोबर करतोय ना?’ आणि दुसऱ्याने काहीतरी उत्तर दिलं असतं, चुकीचं का असेना. ताईंना ते उत्तर देणारं घरात कुणी नव्हतं, आणि घराबाहेर जे होते ते सगळे विरोधात होते. तरी त्यांनी ठरवलं आणि निभावलं.

शुभेच्छेत मान द्यायचा तो या ठरवण्याला. कष्ट अंगावर येतात, निर्णय माणूस घेतो. अंगावर आलेल्या गोष्टीबद्दल लिहाल तर कितीही सुंदर लिहा, वाक्य केविलवाणंच होणार. त्यांनी स्वतः केलेल्या गोष्टीबद्दल लिहिलंत तर कीव शिरायला जागाच उरत नाही. नोकरीचंही तसंच. ‘मुलांसाठी पगारावर पाणी सोडलंस’ असं लिहाल तर तो त्याग झाला. ‘सहाला घरी यायचं असं ठरवलंस आणि तशी नोकरी शोधलीस’ असं लिहाल तर तीच घटना ताईंच्या हातात येते. माझा अंदाज आहे की त्यांना स्वतःला ती दुसऱ्या वाक्यासारखीच आठवत असेल.

मात्र इथे एक खड्डा आहे. तुम्ही पहिल्यांदा लिहाल तेव्हा बहुधा असं काहीतरी होईल: ‘सगळ्यांचा विरोध पत्करून तू एकटीने धाडसी निर्णय घेतलास आणि तो खरा करून दाखवलास.’ हे सत्काराचं भाषण झालं. ‘खरा करून दाखवलास’ यात आणखी एक घोळ आहे. निर्णय यशस्वी झाला म्हणून तुम्ही तो मान्य करताय. पुढच्या परीक्षेत चिऊला गणितात कमी गुण मिळाले, तर मग काय, निर्णय चुकला? निकालावर बेतलेलं कौतुक निकालाबरोबर उडून जातं. त्यापेक्षा ताईंनी ते कसं ठरवलं त्यावर लिहा. त्यांनी तुमचं ऐकून घेतलं का? चिऊला विचारलं का? वेळ घेतला का? तुम्हाला जेवढं खरंच ठाऊक आहे तेवढंच लिहा. ठाऊक नसेल तर आईला विचारा, पण चिऊकडून आईची माहिती काढू नका. पोरं अशा वेळी उगाच कात्रीत सापडतात.

आता मी तुमच्या जागी बसून लिहून पाहतो. तपशील तुमच्या पत्रातले आहेत. त्यांनी कसं ठरवलं आणि फोनवर कसं बोलणं होतं, हे दोन मी अंदाजाने घातलेत. ते खरे नसतील तर काढा आणि त्यांच्या जागी खरे घाला.

‘ताई, चाळिसाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा! चिऊला पोहायला घालायचं तू म्हणालीस, तेव्हा आम्ही सगळ्यांनी तुला अक्कल शिकवली होती. तू ऐकून घेतलंस, मग तिच्याशी बोललीस आणि ठरवलंस. हल्ली माझ्याकडे काही ठरवायचं अडलं की ‘ताईने कसं ठरवलं असतं’ असा विचार मी करतो. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. नवीन नोकरीपासून संध्याकाळी तुझा फोन आला की तू निवांत बोलतेस, ते मला फार आवडतं. शब्दकोडी अजून पेनानेच ना? या वर्षी एकाही कोड्यात खाडाखोड न होवो.’

यात घटस्फोट नाही, ‘एकटी’ नाही, मुलांचे वडील नाहीत. तरी वाचणाऱ्याला कळतं की या बाईने एक अवघड गोष्ट स्वतःच्या हिमतीवर केली. ‘आम्ही सगळ्यांनी’ आणि ‘तू ठरवलंस’ या दोन वाक्यांतच ते आलं. यात माफीही नाही, हे मुद्दाम. त्या विरोधाबद्दल तुम्हाला काही बोलायचं असेल तर ते जरूर बोला, पण दुसऱ्या एखाद्या दिवशी. वाढदिवसाला माफी मागितली की ज्याचा वाढदिवस त्यालाच ‘अरे, असू दे’ म्हणत समजूत काढत बसावं लागतं.

माझ्या मते या संदेशातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ‘ताईने कसं ठरवलं असतं’ हे आहे. ज्याची आपण कीव करतो त्याचा सल्ला आपण घेत नाही. तेव्हा त्यांच्याकडून तुम्ही खरोखर काही उचललं असेल, अगदी बारीकसं का असेना, तर ते लिहा. नसेल उचललं, तर हे वाक्य उसनं घेऊ नका. बहिणीला खोटं लगेच कळतं. त्याऐवजी ज्या विषयात त्यांचा हात धरणारं तुमच्यात कुणी नाही, त्याबद्दल एखादा खरा प्रश्न विचारा. तोही मानच आहे.

शब्दकोड्याची ओळ गंमत म्हणून ठेवलेली नाही. एकट्या पालकाला येणाऱ्या शुभेच्छा बहुतेक पालकपणावरच असतात, जणू माणूस दुसरं काही नाहीच. वाढदिवस मात्र ताईंचा आहे, आणि त्या चिऊच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून या जगात आहेत. मुलांशी काहीही संबंध नसलेली निदान एक ओळ हवीच. पेनाने कोडी सोडवणाऱ्या बहिणीबद्दल ती सुचायला कष्ट पडू नयेत.

लिहून झालं की एक परीक्षा घ्या. तुमची आणखी एखादी बहीण किंवा मैत्रीण असेल, जी नवऱ्याबरोबर सुखाने राहते आणि जिची मुलं याच वयाची आहेत, तिला हा संदेश तपशील बदलून पाठवता येईल का? प्रत्येक वाक्य या प्रश्नासमोर धरा. ‘तू कधी तक्रार केली नाहीस’ हे तुम्ही तिला लिहिणार नाही. मग ते ताईंनाही लिहू नका. ‘चिऊशी बोलून ठरवलंस’ हे तुम्ही कुणालाही लिहू शकता. ते ठेवा. मागच्या वर्षीच्या संदेशातलं पहिलं वाक्य सोडलं तर या परीक्षेत काही उरत नाही.

कुठे पाठवायचं, हेही पाहा. हा मजकूर ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर चारजण पाहतात की त्याखाली लगेच ‘खरंच, किती सोसलं पोरीने’ असं कुणीतरी जोडतं, आणि तुमचा जपून लिहिलेला मजकूर पुन्हा शोकसभेत जाऊन बसतो. ग्रुपवर साध्या शुभेच्छा द्या, एका ओळीच्या. हे मात्र त्यांना एकट्यांना पाठवा. हाताने लिहून दिलंत तर आणखी बरं, ते ठेवून देता येतं.

शब्दांची एवढी चिरफाड केल्यावर तुमचा हात आखडेल याची मला काळजी वाटते, म्हणून हेही सांगतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये कृतज्ञतेच्या पत्रांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत लिहिणाऱ्यांना वाटत होतं की वाचणाऱ्याला हे अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांना लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा कमी अवघडलं आणि जास्त आनंद झाला. लिहिणारे आपली भाषा जमली की नाही याच्या काळजीत होते, वाचणाऱ्यांना मात्र त्यामागची आपुलकी जाणवत होती. तेव्हा एखादं वाक्य वाकडं झालं तरी चालेल. फक्त ते ताईंबद्दल असू द्या, त्यांच्या नशिबाबद्दल नको.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. जोडीदार गेल्यामुळे एकट्या राहिलेल्या व्यक्तीला लिहिताना गेलेल्या माणसाचा उल्लेख करायचा का, हा प्रश्न हमखास येतो. ती व्यक्ती स्वतः त्याच्याबद्दल सहज बोलत असेल तर एखादी हसरी आठवण जरूर लिहा. बोलत नसेल तर वाढदिवस ही सुरुवात करायची जागा नव्हे. ऑफिसातल्या सहकाऱ्याला लिहायचं असेल तर त्याच्या घराबद्दल काहीच लिहू नका, त्याच्या कामातली एखादी नेमकी गोष्ट लिहा. आणि मुलं एकट्याने वाढवणाऱ्या बापाला ‘पुरुष असून किती छान करतोस’ असं लिहिणं थांबवा. ते कौतुक वाटतं, पण त्यात ‘खरं तर हे तुझं काम नव्हे’ असं त्याला सांगितलं जातं. तो मुलीचे केस विंचरतो कारण ती त्याची मुलगी आहे.

राहिली मदत. ‘काही लागलं तर सांग’ हे शुभेच्छेच्या शेवटी लिहू नका. त्याने होतं काय, की काय लागेल ते ओळखणं, कुणाला सांगायचं ते ठरवणं आणि सांगणं ही तिन्ही कामं पुन्हा ताईंच्याच डोक्यावर येतात. मदत करायची तर एक काम चारही टप्प्यांसह उचला, आणि ते वाढदिवसाच्या दिवशी नाही, आठवड्याभराने फोनवर सांगा, म्हणजे शुभेच्छा आणि मदत यांची गाठ बसणार नाही. उदाहरणार्थ: ‘ताई, पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत दोघं माझ्याकडे. न्यायला मी येतो, सोडायलाही मीच. चिऊचं पोहणं आणि धाकट्याचा गृहपाठ माझ्याकडे लागला.’ ‘तुला जरा विश्रांती मिळेल’ असं पुढे जोडू नका. त्या दिवशी त्यांनी विश्रांती घ्यावी की कपाटं आवरावीत की दिवसभर कोडी सोडवावीत, ते त्यांचं त्या बघतील. तुम्हाला भाचरांबरोबर दिवस घालवायचाय, हे कारण पुरेसं आहे. आणि ते खरंही असावं. नसेल तर हा बेत करू नका, मुलांना आधी कळतं.

त्या दिवशी ‘गृहपाठाची वही कुठे असते’ असं विचारायला ताईंना फोन करू नका. ते आदल्या दिवशी मुलांना विचारून ठेवा. आणि ताई ‘नको रे, कशाला’ म्हणाल्या तर बरं म्हणा, आग्रह करू नका. दोन महिन्यांनी दुसरी तारीख घेऊन पुन्हा विचारा.